फर्मच्या नावाने सही कोणाची?

भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे. त्याच्या १९व्या कलमात, एकट्या भागीदाराने काय काय करू नये याची एक छोटी यादी आहे आणि तिच्यात दुसऱ्याच जागी बँक खाते येते. फर्मचा पैसा ठेवण्यासाठी भागीदाराने स्वतःच्या नावाने खाते उघडायचे नाही. त्या धंद्यात तशी रूढ पद्धत असेल किंवा बाकीच्यांनी स्पष्ट परवानगी दिली असेल, तरच गोष्ट वेगळी. कायदा करणाऱ्यांना हे मुद्दाम लिहावेसे वाटले, कारण माणसे हेच करतात. धंदा सुरू होतो, पहिले गिऱ्हाईक पैसे कुठे पाठवू म्हणून विचारते, आणि थोरला भाऊ आपल्या बचत खात्याचा क्रमांक देऊन मोकळा होतो.

बँकेला हे चालत नाही, आणि त्यामागे तिचा स्वतःचा स्वार्थ आहे. पराक्रम्य लेख कायद्याचे १३१वे कलम सांगते की, रेखांकित चेक बँकेने सद्हेतूने आणि हयगय न करता वसूल केला असेल, तर पुढे तो चेक जमा करणाऱ्याचा नव्हताच असे निघाले तरी बँकेवर जबाबदारी येत नाही. फर्मच्या नावाचा चेक एका भागीदाराच्या खासगी खात्यात जमा करून घेतला, तर मात्र ‘हयगय नाही’ हे बँकेला सिद्ध करता येणार नाही. म्हणून चालू खात्याच्या अर्जाबरोबर कागदांचा जो गठ्ठा मागतात, त्यातून बँक मुळात दोनच गोष्टी शोधत असते. या नावाची संस्था खरोखर आहे का, आणि तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला?

भागीदारी फर्म आणि कंपनी यांच्यात खरा फरक पडतो तो दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात. एक उदाहरण घेऊन पाहू. सांगलीत दोन भाऊ, त्यांची आई आणि मेहुणा मिळून हळद आणि मसाल्यांचा धंदा काढतात असे समजा. फर्मचे नाव ‘अबक मसाले’ धरू. नफ्यातला वाटा थोरल्याचा ४० टक्के, धाकट्याचा ३५, मेहुण्याचा १५ आणि आईचा १०.

फर्म ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती नाही. ‘अबक मसाले’ हे त्या चौघांचे मिळून घेतलेले नाव आहे, एवढेच. त्यामुळे फर्मचा अधिकार चौघांच्या आपसातल्या करारातून येतो आणि बँक आधी मागते तो भागीदारी करारनामा, म्हणजे ज्याला सगळे डीड म्हणतात. त्यासोबत फर्मच्या नावाचे पॅन कार्ड आणि फर्म नोंदलेली असेल तर नोंदणीचा दाखला लागतो. शिवाय सर्व भागीदारांची नावे, धंद्याची जागा, आणि जे खाते चालवणार त्यांचे ओळख-पत्त्याचे पुरावे व फोटो. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतली मूळ यादी एवढीच आहे. जीएसटीचा दाखला, शॉप अ‍ॅक्टची पावती, खाद्यपदार्थांचा परवाना हे बँका आपल्या समाधानासाठी मागतात. महाराष्ट्रात थोडे कामगार असलेल्या लहान दुकानाला शॉप अ‍ॅक्टची नोंदणी लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना पुरते. तिची पावती हाताशी असलेली बरी.

नोंदणी नसेल तर खाते उघडतच नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. भागीदारीची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी नसलेल्या फर्मला रिझर्व्ह बँकेचे निर्देश ‘अनिगमित मंडळी’ या वर्गात टाकतात आणि त्या वर्गाला कागद थोडे वेगळे लागतात, त्यात खाते उघडण्याबद्दलचा ठरावही येतो. तरी काही शाखा दाखल्यावाचून अर्ज घेत नाहीत, तो त्या बँकेचा स्वतःचा नियम असतो. माझे मत विचाराल तर नोंदणी करून घ्यावी, पण बँकेसाठी नव्हे. ६९व्या कलमानुसार नोंदणी नसलेल्या फर्मला, करारातून येणे असलेल्या पैशासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. मसाल्याची उधारी बुडवणाऱ्या व्यापाऱ्याला हे कलम आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

आता आईचा विचार करू. मनी लाँडरिंग प्रतिबंधक नियमांनुसार फर्ममध्ये ज्याचा भांडवलात किंवा नफ्यात १० टक्क्यांहून जास्त वाटा आहे, त्याला ‘लाभार्थी मालक’ धरून त्याचीही ओळख बँकेने पटवून घ्यायची असते. ही मर्यादा पूर्वी १५ टक्के होती, २०२३ साली ती खाली आणली. आईचा वाटा नेमका १० आहे, म्हणजे ‘जास्त’ नाही, त्यामुळे ती या व्याख्येत बसत नाही. पण म्हणून तिला घरी ठेवून चालत नाही. ती भागीदार आहे, आणि खाते उघडताना लागणाऱ्या सर्वांत महत्त्वाच्या कागदावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात.

तो कागद म्हणजे भागीदारी पत्र. बहुतेक बँकांचा त्याचा छापील नमुना असतो, आणि बहुतेक माणसे तो न वाचता सही करतात. त्यात चार गोष्टी असतात. आम्ही एवढेच भागीदार आहोत. खाते अमुक जणांच्या सहीने चालेल. फर्मच्या देण्याला आम्ही सगळे मिळून आणि एकेकटेही जबाबदार आहोत. आणि भागीदारांत बदल झाला तर बँकेला लेखी कळवू. यातले तिसरे वाक्य जड आहे. उद्या या खात्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला आणि तो थकला, तर बँक दहा टक्के वाट्याच्या आईकडेही पूर्ण रक्कम मागू शकते. वाटा दहा टक्क्यांचा असला तरी बाहेरच्यांपुढची जबाबदारी दहा टक्क्यांपुरती नसते.

खाते कोणाच्या सहीने चालेल, इथे पहिली ठेच लागते. वकिलाने डीडमध्ये ‘बँक व्यवहार कोणत्याही दोन भागीदारांच्या संयुक्त सहीने होतील’ असे लिहिलेले असते, कारण त्यांच्या नमुन्यात तसेच असते. बँकेत मात्र धाकटा भाऊ ‘कोणाही एकाच्या सहीने’ या चौकटीत खूण करतो. बँक दोन्ही कागद शेजारी ठेवते आणि अर्ज परत पाठवते. मग पुरवणी करारनामा करून, सगळ्यांच्या सह्या घेऊन पुन्हा यावे लागते. त्यापेक्षा डीड लिहिताना त्या कलमात ‘भागीदार वेळोवेळी लेखी ठरवतील त्याप्रमाणे’ एवढी जागा मोकळी सोडली, तर पुढे सहीची पद्धत बदलताना डीडला हात लावावा लागत नाही.

दुसरी ठेच नावाची. डीडमध्ये ‘अबक मसाले’, पॅनवर ‘अबक मसाले उद्योग’, जीएसटीत ‘मेसर्स अबक मसालेवाले’. माणसाला ही तिन्ही एकच वाटतात, संगणकाला तीन वाटतात. पॅनच्या अर्जाच्या दिवशी डीड समोर ठेवून अक्षरन् अक्षर उतरवणे हाच इलाज. पॅन आले की त्याचे चौथे अक्षर पाहावे. फर्मच्या पॅनमध्ये तिथे ‘एफ’ असते, कंपनीच्या पॅनमध्ये ‘सी’ आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये ‘पी’. कोणी घाईत भागीदाराचेच पॅन जोडले असेल, तर काउंटरवरचा अनुभवी कारकून ते याच अक्षरावरून ओळखतो. जीएसटीची घाई तर खरीच असते. नोंदणी मिळाल्यापासून ३० दिवसांत किंवा पहिले जीएसटीआर-१ भरण्यापूर्वी, यांपैकी जे आधी येईल तोवर, बँक खात्याचा तपशील पोर्टलवर द्यावा लागतो आणि ते खाते नोंदणीधारकाच्याच नावाचे व पॅनचे असावे लागते. थोरल्याचे बचत खाते तिथे चालत नाही.

खात्याच्या अर्जात आणखी एक प्रश्न असतो, तुमचे दुसऱ्या बँकेत कर्ज आहे का? ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने, मोठी कर्जे एका बँकेत आणि चालू खाते भलत्याच बँकेत ठेवण्यावर बंधने आणली. कर्जाचा पैसा दुसरीकडे वळवला जाऊ नये हा त्यामागचा हेतू. लहान कर्जदारांना ही बंधने लागू नाहीत, पण हमीपत्र त्यांनाही द्यावे लागते. इथे खरे तेच लिहावे, कारण बँक क्रेडिट माहिती कंपन्यांच्या नोंदी पाहतेच. उलट दोन गोष्टी अर्जात नसतात, त्या शोधू नयेत. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, आणि फर्मच्या किंवा कंपनीच्या खात्याला वारसाचे नामनिर्देशन करता येत नाही. ठेवीवरचा ५ लाखांपर्यंतचा विमा मात्र मिळतो, आणि तो भागीदाराच्या त्याच बँकेतल्या खासगी ठेवीपासून वेगळा धरतात.

फर्मच्या खात्याचा नाजूकपणा कळतो तो भांडणाच्या वेळी. समजा, खाते दोघा भावांपैकी कोणाच्याही सहीने चालते आणि मेहुण्याचा सहीशी काही संबंध नाही. तरी मेहुण्याने बँकेला ‘आमच्यात वाद आहे, खात्यातून पैसे देऊ नका’ असे एक पत्र दिले की बँक सहसा व्यवहार थांबवते आणि सगळ्या भागीदारांच्या सहीची नवी सूचना किंवा न्यायालयाचा हुकूम मागते. कारण अधिकार चौघांनी मिळून दिला होता, आणि त्यांतल्या एकाने आपला हात काढून घेतला आहे. भागीदार वारला तरी असाच पेच येतो. डीडमध्ये वेगळे लिहिले नसेल तर एकाच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. उरलेल्यांना मागचे व्यवहार मिटवण्यापुरता अधिकार राहतो. ‘भागीदाराच्या मृत्यूनंतरही फर्म चालू राहील’ हे एक वाक्य डीडमध्ये असेल, तर बँकेतले काम पुष्कळ हलके होते.

चार वर्षांनी धंदा वाढतो. आई आता वयामुळे बाजूला होते आणि तिघे ‘अबक फूड्स प्रायव्हेट लिमिटेड’ अशी कंपनी काढतात. एक लाखाचे भांडवल, १० रुपयांचे १०,००० शेअर. दोघा भावांचे चार-चार हजार, मेहुण्याचे दोन हजार. दोघे भाऊ संचालक होतात, मेहुणा नुसता भागधारक राहतो. कंपनीची नोंदणी ‘स्पाइस प्लस’ या ऑनलाइन अर्जाने होते, आणि त्याला जोडलेल्या ‘अजाईल-प्रो-एस’ या फॉर्ममध्ये फेब्रुवारी २०२० पासून बँक खात्याचाही अर्ज असतो. यादीतली एक बँक तिथे निवडावीच लागते. अनेकांना वाटते की झाले, खाते उघडले. प्रत्यक्षात तिथून बँकेला फक्त निरोप जातो. पुढे बँकेचा माणूस संपर्क करतो, कागद घेतो, आणि ते पुरे होईपर्यंत खाते चालू होत नाही.

कंपनी ही वेगळी व्यक्ती. तिला स्वतःचे नाव, स्वतःचे पॅन आणि मालकांपासून निराळे आयुष्य असते. पण तिला हात नसतो सही करायला. तो हात संचालक मंडळ देते, ठराव करून. म्हणून कंपनीच्या कागदांत निगमन प्रमाणपत्र, पॅन, घटनापत्रक आणि नियमावली यांच्या सोबतीला मंडळाचा ठराव आलाच. बँकेचा अधिकारी नियमावली वाचतो ती यासाठी की, संचालकांच्या अधिकारावर तिथे काही मर्यादा घातली आहे का ते कळावे. या काळजीला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १८५६ साली रॉयल ब्रिटिश बँक आणि टरक्वांड यांच्या खटल्यात, कंपनीने घेतलेल्या कर्जाला आवश्यक तो ठरावच झाला नव्हता असा बचाव झाला. न्यायालयाने निकाल बँकेच्या बाजूने दिला. कंपनीचे जाहीर कागद बाहेरच्याने वाचावेत, पण आतल्या सभा नीट झाल्या असे त्याला गृहीत धरता येते, हे तत्त्व तिथून आले आणि आपल्याकडची न्यायालयेही ते मानतात. तरीही आजची बँक गृहीत धरत बसत नाही, ठरावाची खरी नक्कल मागूनच घेते.

ठराव करायचा तर आधी सभा हवी. कंपनी झाल्यापासून ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली सभा घ्यावीच लागते, आणि गणपूर्तीला किमान दोन संचालक लागतात. आपल्या उदाहरणात दोनच आहेत, म्हणजे दोघेही हवेत. पहिल्या सभेत खात्याचा विषय घेऊन टाकावा. ठराव साधारण असा असतो:

‘असा ठराव करण्यात येत आहे की, कंपनीच्या नावाने अमुक बँकेच्या सांगली शाखेत चालू खाते उघडावे. ५० हजार रुपयांपर्यंतचे व्यवहार दोन्ही संचालकांपैकी कोणाही एकाच्या सहीने आणि त्यावरील व्यवहार दोघांच्या संयुक्त सहीने करावेत. नेट बँकिंगमध्ये एकाने नोंद करावी व दुसऱ्याने मंजुरी द्यावी. या ठरावात बदल झाल्याची मंडळाच्या नव्या ठरावाची नक्कल बँकेला मिळेपर्यंत बँकेने याच ठरावावर विसंबून राहावे.’

यातल्या मधल्या दोन वाक्यांवर बँकेशी आधी बोलून घ्यावे. रकमेप्रमाणे सह्या बदलण्याची सोय काही बँकांच्या प्रणालीत चेकला असते, नेट बँकिंगला नसते. आणि नेट बँकिंगचा उल्लेखच ठरावात राहून गेला, तर पासवर्ड मिळत नाही, नवा ठराव करावा लागतो. कर्ज घेण्याचा अधिकार या ठरावात घुसडू नये. काही बँकांच्या छापील नमुन्यात तो असतो. खाते चालवणे आणि कंपनीला कर्जात टाकणे हे वेगळे निर्णय आहेत आणि कायदाही कर्जाचा निर्णय मंडळाच्या सभेत व्हावा असे सांगतो.

नकलेच्या तळाशी ‘खरी नक्कल’ म्हणून सही कोण करते, हेही पाहिले जाते. ज्याला अधिकार मिळतो त्यानेच एकट्याने ‘मला अधिकार मिळाला’ असे प्रमाणित केले तर बँक भुवया उंचावते. थोरल्याचे नाव सहीदार म्हणून असेल तर नकलेवर धाकट्याने सही करावी. आपल्यासारखे दोघेही सहीदार असतील तर दोघांनीही करावी. कंपनी सचिव असेल तर त्याची सही उत्तम. तारीखही जुळायला हवी. निगमन प्रमाणपत्राच्या आधीच्या तारखेचा ठराव मी पाहिला आहे. जी कंपनी जन्मलीच नाही तिच्या मंडळाची सभा कशी झाली, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. कंपनीचा शिक्का मात्र २०१५ पासून ऐच्छिक आहे, तो नसल्याने काही अडत नाही.

लाभार्थी मालकाचा प्रश्न इथेही येतो, आणि कंपनीतही मर्यादा १० टक्क्यांहून जास्त हीच. मेहुणा संचालक नाही, सही करणार नाही, पण त्याचे शेअर २० टक्के आहेत. त्यामुळे त्याचे आधार-पॅन दिल्याशिवाय खाते उघडणार नाही. अर्ज अडकण्याचे हे हल्लीचे नेहमीचे कारण आहे, कारण ‘तो तर नुसता भागधारक’ म्हणून त्याचे कागद कोणी आणलेलेच नसतात. मग बँकेचा माणूस जागा पाहायला येतो. नोंदणीकृत कार्यालयाबाहेर कंपनीच्या नावाचा फलक लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि तो तिथल्या लोकांच्या लिपीतही असावा लागतो. सांगलीत नुसता इंग्रजी फलक पुरत नाही.

खाते लांबले तर कंपनीला त्याची किंमत मोजावी लागते, फर्मला तशी लागत नाही. नोव्हेंबर २०१८ नंतर नोंदलेल्या भांडवली कंपनीला, भागधारकांनी कबूल केलेले पैसे भरले असे निवेदन ‘आयएनसी-२०ए’ या फॉर्ममध्ये १८० दिवसांत द्यावे लागते. त्याआधी तिला धंदा सुरू करता येत नाही की कर्ज घेता येत नाही. पुरावा म्हणून जोडायचा तो कंपनीच्या बँक खात्याचा उतारा. कंपनी १० जूनला झाली असेल तर मुदत ७ डिसेंबरला संपते. चुकल्यास कंपनीला ५० हजारांचा दंड, संचालकांना दर दिवसाचा वेगळा, आणि निबंधक कंपनीचे नाव नोंदवहीतून काढण्याची कारवाईही सुरू करू शकतो. म्हणून खाते चालू होताच भावांनी प्रत्येकी ४० हजार आणि मेहुण्याने २० हजार, आपापल्या खात्यातून भरावेत. थोरल्याने एकट्यानेच लाख रुपये रोख भरून टाकले, तर उताऱ्यावरून कोणी किती भरले ते दिसत नाही आणि पुढे सनदी लेखापालाला खुलासे लिहीत बसावे लागते.

चेकवर सही कशी करायची, याकडे दुर्लक्ष होते. ‘अबक फूड्स प्रायव्हेट लिमिटेडकरिता’ असे लिहून किंवा तसा रबरी शिक्का मारून त्याखाली ‘संचालक’ म्हणून सही करायची. आपण दुसऱ्याच्या वतीने सही करतो हे न दाखवता नुसते नाव खरडले, तर पराक्रम्य लेख कायद्याच्या २८व्या कलमाखाली सही करणारा स्वतः अडकू शकतो. योग्य रीतीने सही केलेला चेक मात्र संचालकाच्या पश्चातही कंपनीचाच चेक राहतो, कारण कंपनी वारलेली नसते.

कंपनी झाली म्हणून ‘अबक मसाले’चे जुने खाते आपोआप तिचे होत नाही. पॅन वेगळे, व्यक्ती वेगळी. जुन्या गिऱ्हाइकांकडून फर्मच्या नावाने येणारे चेक कंपनीच्या खात्यात जमा होणार नाहीत. त्यामुळे उधारी वसूल होईपर्यंत, जीएसटीचा परतावा येईपर्यंत फर्मचे खाते जिवंत ठेवावे लागते, आणि गिऱ्हाइकांना नवा खाते क्रमांक कंपनीच्या लेटरहेडवर कळवावा लागतो. शेवटी ते खाते बंद करायचे, तर उरलेली चेकबुके परत द्यावी लागतात आणि अर्जावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात. आईचीसुद्धा, ती रीतसर निवृत्त होऊन तसा करारनामा बँकेत आधीच दिलेला नसेल तर.